मदत हवी आहे: 100! च्या शेवटी 24 शून्यं की 28?

निळी_पाटी:
नमस्कार मंडळी. संध्याकाळी घरी स्पर्धा परीक्षेच्या सहा मुलांचं गणित घेते. काल 100! च्या शेवटी किती शून्यं येतात, हे शिकवत होते. दोन आणि पाचची जोडी जमली की एक शून्य, दोन भरपूर असतात, म्हणून फक्त पाच मोजायचे, इथपर्यंत सगळ्यांना पटलं. मग फळ्यावर नेहमीसारखं लिहिलं: 100 ला 5 ने भागून 20, 25 ने भागून 4, एकूण 24.

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "ताई, 25 मध्ये दोन पाच आहेत. 50, 75, 100 मध्येही दोन-दोन. मग त्या 4 ची दुप्पट करायला नको? 20 आणि 8, म्हणजे 28." उत्तर 24 आहे हे मला माहीत आहे, पण दुप्पट का नाही ते मला तिला सांगता आलं नाही. "सूत्र तसंच आहे" म्हणून पुढे गेले आणि ते मनाला लागलंय. उद्या पुन्हा वर्ग आहे. तिला पटेल असं कसं सांगू?

मोजदाद:
ताई, 24 ही नाही आणि 28 ही नाही. मी आत्ताच संगणकावर 100! पूर्ण छापून मोजली, 30 शून्यं आहेत.

निळी_पाटी:
मधली शून्यंही धरलीत का?

मोजदाद:
हो, सगळीच धरली. शेवटची सलग तेवढी 24 आहेत, उरलेली 6 मधे विखुरलीत. प्रश्न घाईत वाचला, माफ करा.

जुनी_वही:
ताई, मुलीची शंका अगदी योग्य आहे. तिची चूक एवढीच की 25, 50, 75, 100 या चौघांना तिनं आधीच एकदा मोजलंय. पहिल्या 20 मध्ये ते आहेतच. दुप्पट केली की त्यांचे तीन-तीन पाच होतात. तिला तिच्याच पद्धतीनं मोजू द्या: फक्त एकच पाच असलेल्या संख्या 16, दोन पाच असलेल्या 4. सोळा आणि आठ, 24.

सूत्र का चालतं ते दाखवायला मी फेऱ्या घेतो. 5, 10, 15 पासून 100 पर्यंतच्या वीस संख्या लिहायच्या आणि प्रत्येकीकडून एकच पाच काढून घ्यायचा. हातात 20 पाच आले. काढल्यावर उरलं काय? 1, 2, 3 पासून 20. म्हणजे पाचच्या पटींचा गुणाकार हा 5 चा 20 वा घात गुणिले 20! झाला. आता 20! मध्ये पाच शोधायचे, तेच काम पुन्हा: 5, 10, 15, 20 कडून एकेक, म्हणजे 4. उरले 1, 2, 3, 4, त्यांत पाच नाही. खेळ संपला. दुसऱ्या फेरीत 25 कडून त्याचा दुसरा पाच येतो, पहिला केव्हाच घेतलेला असतो.

पडताळायला 100! नको, 25! घ्या. ही संख्या फळ्यावर मावते: 15511210043330985984000000. शेवटी सहा शून्यं, म्हणजे 5 आणि 1. दुप्पट केली असती तर सात यायला हवी होती.

सोपा_मार्ग:
इतकं कशाला? परीक्षेत वेळ नसतो. 4 ने भागा, पूर्णांक भाग घ्या, 1 वजा करा. 100 ला 25 वजा 1, 24. 60 ला 15 वजा 1, 14. 1000 ला 250 वजा 1, 249. तिन्ही बरोबर आहेत, तपासा.

निळी_पाटी:
तपासले, तिन्ही बरोबर! पण 25 ला 6 वजा 1, 5 येतात. वर तर सहा शून्यं दिसताहेत.

जुनी_वही:
24 ला पण चुकतं. 24! मध्ये शून्यं 4 आहेत, या रीतीनं 5 येतात. 124 ला 30 येतील, खरी 28.

तरी 4 ने भागण्यात तथ्य आहे. संख्या पाचच्या पायात लिहायची, तिच्या अंकांची बेरीज मूळ संख्येतून वजा करायची आणि मग 4 ने भागायचं. 5 ने, 25 ने भागून बेरीज करायचं जे सूत्र ताईंनी फळ्यावर लिहिलं, त्या लेझांद्रच्या सूत्राचंच हे दुसरं रूप. 100 पाचच्या पायात 400, अंकांची बेरीज 4. 60 म्हणजे 220, बेरीज 4. 1000 म्हणजे 13000, बेरीज पुन्हा 4. तुम्ही घेतलेल्या तिन्ही उदाहरणांत बेरीज योगायोगानं 4 आहे, म्हणून 4 ने भागल्यावर बरोबर 1 कमी होतो. 124 म्हणजे 444, बेरीज 12. 124 मधून 12 गेले 112, त्याचे चौथे हिस्से 28.

सोपा_मार्ग:
अरेच्चा, हे माहीत नव्हतं. पण परीक्षेत 100 आणि 1000 च जास्त विचारतात, तेव्हा मी माझीच रीत वापरणार.

कोडवाला_सांगली:
माझं थोडं वेगळं आहे, पण विषय तोच म्हणून इथेच विचारतो. जावामध्ये हे लिहिलं:

```java
int z = 0;
for (int p = 5; p <= n; p *= 5)
    z += n / p;
```

n शंभर कोटी दिला तरी उत्तर बरोबर येतं. 2147483647 दिला की प्रोग्रॅम थांबतच नाही. सूत्र चुकलंय का?

जुनी_वही:
सूत्र बरोबर आहे, p फुटतोय. 5 चा 13 वा घात 1220703125, हा int मध्ये मावतो. 14 वा 6103515625, हा मावत नाही आणि जावा त्याचा 1808548329 करून ठेवतं. शंभर कोटीला 13 वा घातच मोठा असल्यामुळे लूप आधीच थांबतो. n 1808548329 च्या खाली असेल तोवर फुटलेला p सुद्धा n पेक्षा मोठा, म्हणून निभावतं. त्यापासून पुढे तो खोटा p भाजक म्हणून वापरला जातो. 2147483647 हा तर int चा शेवटचा आकडा. p त्याहून मोठा होऊच शकत नाही, म्हणून लूप संपत नाही.

p वाढवू नका, n लहान करा. वरच्या फेऱ्याच आहेत:

```java
while (n > 0) {
    n /= 5;
    z += n;
}
```

पाचने भागून बाकी टाकली आणि पुन्हा पाचने भागलं, तर थेट 25 ने भागून बाकी टाकल्यासारखंच होतं. म्हणून उत्तर बदलत नाही.

कोडवाला_सांगली:
चाललं, लगेच थांबलं. हेच सी++ मध्ये केलं तर p चं असंच होतं का? मित्राकडे प्रोग्रॅम हँग झाला नाही, पण उत्तर चुकलं.

जुनी_वही:
सी++ मध्ये चिन्हासहित int फुटल्यावर काय व्हावं याची हमीच नाही. कंपायलर आणि त्याच्या सेटिंगप्रमाणे बदलेल. मित्राचं कोड पाहिल्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही.

निळी_पाटी:
आज वर्ग झाला. फेऱ्या फळ्यावर घेतल्या. दुसऱ्या फेरीत 25 च्या जागी उरलेला 5 दिसला, तेव्हा ती मुलगी स्वतःच म्हणाली, "म्हणजे पहिला पाच आधीच गेला होता." मग तिनं 125! करून पाहिलं: 25, 5, 1, एकूण 31. आणि 124! ला 28. आता तिचा नवा प्रश्न आहे: बरोबर 29 किंवा 30 शून्यं असलेलं फॅक्टोरियलच नाही, तसंच 5 चं पण नाही (24! ला 4, 25! ला 6). असा आकडा दिला, तर सगळी यादी न करता तो गाळलेला आहे की नाही हे ओळखता येईल का?

जुनी_वही:
125 मध्ये तीन पाच आहेत, म्हणून तिथे एकदम तीनची उडी बसते आणि दोन आकडे गळतात. 25 च्या ज्या पटींना 125 ने भाग जात नाही, तिथे दोनची उडी बसते आणि एक गळतो. ओळखायला मी आकड्याला 4 ने गुणून त्याच्या आसपासचे n तपासतो, दोन-तीन प्रयत्नांत कळतं. प्रयत्न न करता थेट सांगणारी रीत कुणाकडे आहे का? मलाही हवी आहे.