मदत हवी आहे: भाव सगळीकडे एकच, तरी हे मल्टिचॅनेलच का?

पर्वतीकर: रिटेल मार्केटिंगच्या असाइनमेंटसाठी चपलांचं एक काल्पनिक दुकान घेतलंय. एक शाखा लक्ष्मी रस्त्यावर, दुसरी औंधला, शिवाय वेबसाइट. भाव तिन्हीकडे एकच. तरी वेबसाइटवर 'औंधला उपलब्ध' बघून गेलेल्या गिऱ्हाइकाला जोड मिळत नाही. वेबसाइटवरून घेतलेला माल लक्ष्मी रस्त्यावर परत द्यायला गेलं, तर 'हे बिल आमचं नाही' म्हणतात. सर म्हणतात, हे नुसतं मल्टिचॅनेल, म्हणजे विक्रीच्या वाटा अनेक, पण सुट्या; सगळ्या वाटा एकमेकींना जोडलेलं ओम्निचॅनेल नव्हे. कारण कसं मांडू?

झब्बू: भाव, ऑफर आणि लोगो सारखे ठेवले की झालं ओम्निचॅनेल.

खतावणी: झब्बू, भाव सारखे हवेतच, पण तिच्या दुकानात ते आहेत की! गाडी साठ्यावर अडलीय. समजा, सकाळी औंधला 8 नंबरचे 2 जोड आहेत. वेबसाइट काउंटरच्या बिलिंगमधून साठ्याचा आकडा रात्री एकदाच उचलते. दुपारी दोन्ही खपले, तरी रात्रीपर्यंत वेबसाइट 2 च दाखवणार. म्हणजे तीन दुकानं, तीन वह्या.

वही एक करायची तर आधी एका जोडाला सगळीकडे एकच कोड द्या, मग दर बिलासरशी साठा वेबसाइटवर कमी होऊ द्या. एवढ्यानंही भागत नाही. कुणी पायात घालून बघत असलेला जोड बिल होईपर्यंत संगणकाला शिल्लकच दिसतो. म्हणून वेबसाइटवर एक जोड कमी दाखवतात. पण मग एकेकच जोड उरलेले नंबर वेबसाइटवर दिसतच नाहीत, आणि फार लहान-मोठ्या नंबरांचं बहुधा तेच असतं. तिथे 'राखून ठेवा'ची सोय द्या, मात्र शाखेतल्या माणसानं जोड हातात घेऊन बाजूला ठेवल्यावरच मेसेज जाऊ दे.

भोसरीचा_विक्रेता: आमचंही हेच रडगाणं. मार्केटप्लेसवरून रिटर्न भलतेच येतात. कमिशन कमी कसं करून घ्यायचं?

खतावणी: त्याला वेगळा धागा काढा राव.

हिशेबनीस: परतीचं बघू. परत आलेल्या मालाची रक्कम बिलातून वजा करणारी क्रेडिट नोट त्याच जीएसटी नोंदणीवर निघते, जिच्यावर मूळ बिल झालं. वेबसाइट दुसऱ्या कंपनीच्या नावावर असेल, तर लक्ष्मी रस्त्यावरचा काउंटर जोड ताब्यात घेईल, पण नोट त्या कंपनीनंच काढायची. दोन्हीकडे नोंदणी एकच असेल तर कायद्याची आडकाठी नाही. मग काउंटरच्या सॉफ्टवेअरला वेबसाइटचं बिल सापडतं का, एवढंच तपासायचं. असाइनमेंटमध्ये हे आधी ठरवून लिही, नाहीतर उपाय हवेत राहील.

पर्वतीकर: नोंदणी एकच धरते. पण परत आलेल्या मालाची रक्कम कुणाच्या विक्रीतून वजा करायची? लक्ष्मी रस्त्याच्या मॅनेजरच्या टार्गेटमधून केली, तर तो गिऱ्हाइकाला टाळणारच.

हिशेबनीस: वेबसाइटच्या खात्यातून. विक्री तिची, तर परत आलेला मालही तिचाच.

खतावणी: म्हणजे काउंटरवरचा वेळ फुकट? शिवाय सुटा पडलेला जोड त्याच्याच फळीवर. मी निम्मं-निम्मं करीन.

हिशेबनीस: निम्म्याचा हिशेब महिनाअखेरीस जुळवून दाखवा, मग बोलू.