ॲनिमेशनमध्ये मदत हवी आहे: गेममधला पहारेकरी नुसता उभा आहे तरी नावेसारखा डुलतोय, लूपला झटकाही बसतोय

बर्डीचा_बंड्या: उद्या दाखवायचं आहे, लवकर सांगा. श्वास दिला, कंबर डावी-उजवीकडे हलवली, तरी पात्र जिवंत वाटत नाही. लूप फिरला की ठेच लागल्यासारखं होतं. पायही घसरतात.

फुटाळाकाठ: कशात करतोयस? फ्रेमरेट किती? पाय आयके की एफके? लूप किती फ्रेमचा? काहीच सांगितलं नाहीस.

बर्डीचा_बंड्या: ब्लेंडर, 24. पाय एफके. 240 फ्रेम. श्वास दर 24 फ्रेमला.

नॉइझवाला: एवढा कुटाणा काहून करतो बे? छातीच्या कर्व्हला नॉइझ मॉडिफायर लाव, झालं काम.

फुटाळाकाठ: भाऊ, नॉइझची सुरुवात आणि शेवट आपोआप जुळत नाहीत. व्हिडिओत खपेल, गेमच्या लूपमध्ये नाही.

बंड्या, 24 फ्रेमला श्वास म्हणजे मिनिटाला 60. पहारेकरी आहे की धावून आलाय? 240 मध्ये तीनच श्वास बसव. घेताना थोडा पटकन, सोडताना सावकाश, मग जरासा थांबा.

पाय आयकेवर घे, नाहीतर कंबर हलली की पाय तिच्यामागे ओढले जाणारच. आणि कंबर नुसती आडवी सरकवू नकोस. वजन उजव्या पायावर गेलं की उजवं नितंब वर येतं, डावं खाली जातं, डावा गुडघा सैल पडतो, खांदे उलट कलतात. त्या पायावर बराच वेळ थांब, मग एकदाच पाय बदल. तू घड्याळाच्या लंबकासारखं सतत हलवतोयस, म्हणून नाव वाटते. सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर उभे लोक बघ, कोणी डुलत नाही.

योगसाधक_धंतोली: श्वास छातीने नव्हे, पोटाने घ्यावा. रोज सकाळी अनुलोम-विलोम करा.

फुटाळाकाठ: काका, पात्राचा श्वास चाललाय. पण पोट आधी, मग छाती, हे मात्र घ्यायला हरकत नाही.

पिक्सेलपोरगी: माझ्या टू-डी गेममध्ये दोनच चित्रं आहेत. कोणी तक्रार केली नाही.

बर्डीचा_बंड्या: पाय थांबले. झटका तसाच. पहिली आणि 240 वी फ्रेम एकच आहे, मग का?

फुटाळाकाठ: म्हणूनच. तीच पोझ लागोपाठ दोनदा दिसते. शेवटची कीफ्रेम 241 वर ने, प्लेबॅक 240 लाच संपव. छाती, डोकं पाचेक फ्रेम मागे ठेवलंयस का?

बर्डीचा_बंड्या: हो.

फुटाळाकाठ: मग दुसरं कारण तिथेच. टोकाची की चढावाच्या मध्ये येते, पण तिचे हँडल सपाट, म्हणून क्षणभर सगळं थबकतं. सगळ्या की मूळ जागी आण. ग्राफ एडिटरमध्ये सगळे कर्व्ह निवडून Shift+E, मग Make Cyclic. मागेपुढे त्यानंतर सरकव.

नॉइझवाला: एवढ्या वेळात माझं रेंडर झालं असतं.

बर्डीचा_बंड्या: झटका गेला! पण आता श्वासाबरोबर भाला वर-खाली होतोय, टोक जमिनीत घुसतं.

फुटाळाकाठ: हातात भाला आहे हे आत्ता सांगतो? जमिनीवर टेकवलाय की नुसता धरलाय?