‘एफ’ म्हणजे शुक्रवार नव्हे: जर्मन बसच्या वेळापत्रकातली ‘सुट्टी’ मराठीत कशी लिहायची?

नदीकाठ
आई-बाबा गेल्या वर्षी, २०२५च्या जूनमध्ये, माझ्याकडे राहायला आले होते. मी बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, ट्यूबिंगनजवळच्या एका खेड्यात राहते. दिवसभर मी कामावर, म्हणून त्यांना शहरात एकटं जाता यावं यासाठी थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढला आणि मराठी तक्ता करून फ्रिजवर चिकटवला.

‘सोमवार ते शुक्रवार’ या रकान्यात सकाळी तीन बस होत्या. ६.४८पुढे बारीक एस, ७.१२पुढे एफ, ८.२०पुढे काहीच नाही. मी बेधडक लिहिलं: एस म्हणजे शनिवार, एफ म्हणजे शुक्रवार. सोमवार-शुक्रवारच्या रकान्यात शनिवार कुठून आला, हे मनात आलं होतं, पण छपाईची चूक समजून सोडून दिलं.

गुरुवारी, १९ जूनला, बाबा ८.२०साठी उभे राहिले. बस आलीच नाही. शुक्रवारी, २० तारखेला, ७.१२ची अगदी वेळेवर आली, म्हणून माझा तक्ता बरोबर आहे असं मी त्यांना ऐकवलंसुद्धा. पुढच्या शुक्रवारी, २७ला, तीच ७.१२ गायब. बाबा म्हणाले, “तुझ्या जर्मनीपेक्षा आपली एसटी बरी.”

मग जाऊन पुन्हा फोटो काढला. पहिल्या फोटोत खालची टीपच कापली गेली होती. टीप अशी: एस – फक्त ‘शूलटाग’ला, म्हणजे शाळेच्या दिवशी, एफ – फक्त ‘फेरिएनटाग’ला. आणि शेवटच्या रकान्याचं डोकं: ‘रविवार आणि फायरटाग’. शब्दकोशात फेरिएन म्हणजे सुट्टी, फायरटाग म्हणजेही सुट्टी. मराठीत हे वेगळं कसं लिहायचं? आणि १९ला नक्की काय झालं?

अर्धा_चहा
सोपं आहे. फायरटाग म्हणजे सण, फेरिएन म्हणजे रजा. साधे दिवस म्हणजे वेर्कटाग, कामाचे दिवस, सोमवार ते शुक्रवार. १९ जूनला काहीतरी संप असणार.

पाटीवाचक
संप नव्हता. १९ जून २०२५ला फ्रोनलाइशनाम होता, ईस्टरनंतर साठाव्या दिवशी येणारा कॅथलिक सण. तो नेहमी गुरुवारीच येतो. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, बर्लिन-हॅम्बुर्गमध्ये नसते. म्हणजे नदीकाठ, तुम्ही हॅम्बुर्गला असता तर बाबांना त्या गुरुवारी बस मिळाली असती.

तुमचा पत्ता चुकला तो एका गोष्टीमुळे: वेळापत्रकाला कॅलेंडरातला वार आणि ‘धावण्याचा दिवस’ या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. सार्वजनिक सुट्टी गुरुवारी आली तर त्या गुरुवारचा रविवार होतो. ‘सोमवार ते शुक्रवार’ हा अख्खा रकाना त्या दिवशी मेला, ८.२०सकट. बाबांनी शेवटच्या रकान्यात पाहायला हवं होतं.

आता गंमत बघा. फायरटाग म्हणजे सार्वजनिक सुट्टी, फेरिएन म्हणजे शाळांची लांब सुट्टी. त्या राज्यात १० ते २० जून शाळांना पेंटेकोस्टची सुट्टी होती. म्हणजे १९ तारीख शाळेच्या सुट्टीतही होती आणि सार्वजनिक सुट्टीही होती. तरी एफवाली ७.१२ त्या दिवशी धावली नाही, कारण तिचा रकानाच बंद. आधी रकाना, मग अक्षर. उलटं वाचलं की फसलात. २०ला, शुक्रवारी, सार्वजनिक सुट्टी संपली होती पण शाळा बंदच होती, म्हणून ७.१२ आली. ती शुक्रवार असल्यामुळे आली नव्हती. २३ला शाळा उघडली, तेव्हा २७च्या शुक्रवारी ७.१२ नाही आणि तिच्याऐवजी ६.४८ची एस. शाळेची बस पोरांच्या वेळेवर लवकर निघते, एवढंच.

एका योगायोगाने चुकीचं भाषांतर बरोबर ठरलं, आणि मग त्याचा पुरावाच झाला. सोमवार ते बुधवार कुठलाही दिवस तपासला असता तर १० ते २०च्या पंधरवड्यात ७.१२ मंगळवारीही आलेली दिसली असती.

नदीकाठ
हो ना! बाबा मंगळवारी थांब्यावर गेले होते आणि म्हणाले, एक जास्तीची बस येऊन गेली. मी म्हटलं, उशीर झालेली असेल.

सांगलीकर
मला वाटतं प्रश्न एसटीचा पण तोच आहे. आमच्या तालुक्याच्या स्टँडवर एकदा पाटी होती: ‘शनिवार व्यतिरिक्त सकाळी ७ वा.’ मी शनिवारी गेलो. मला वाटलं, रोजच्या गाड्यांव्यतिरिक्त शनिवारी ही आणखी एक. कंट्रोलर म्हणाले, शनिवार सोडून. आता सांगा, चूक कुणाची?

मेघना_कु
सांगलीकर काका, विषय बसच्या सुट्टीचा आहे, पण तुमचं उदाहरण इथे फारच कामाचं आहे. जर्मन तळटिपांत दोन शब्द सतत येतात: ‘आउसर’ म्हणजे वगळून, आणि ‘आउख’ म्हणजे त्या दिवशीसुद्धा. मराठीत ‘व्यतिरिक्त’ दोन्हीकडे लागतो. ‘शिवाय’चंही तेच: ‘रविवारशिवाय’ म्हणजे रविवार सोडून, पण ‘शिवाय रविवारी’ म्हटलं की रविवारीही. ‘खेरीज’ त्यातलाच. वेळापत्रकात हे तिन्ही शब्द नकोतच. ‘शनिवार सोडून रोज’ आणि ‘२४ डिसेंबरलाही’, बस्स. ‘ही’ हा एवढासा प्रत्यय, पण त्याचा अर्थ कुणी उलटा घेत नाही.

आणि अर्धा_चहा, वेर्कटाग सोमवार ते शुक्रवार नाही. शनिवारही त्यात येतो. तिथल्या रजेच्या कायद्यातही रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या सोडून बाकी सगळे दिवस वेर्कटाग धरले आहेत.

अर्धा_चहा
पण माझ्या ऑफिसात शनिवारी कोणी नसतं.

मेघना_कु
ऑफिसात नसेल, बसमध्ये असतं. तुमचा घोळ मला कळतो, कारण ‘कामाचा दिवस’ हा मराठी शब्दच सरकलाय. २९ फेब्रुवारी २०२०पासून महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. माझ्या वडिलांच्या तोंडी ‘कामाचा दिवस’ म्हणजे शनिवार धरून, भावाच्या तोंडी सोडून. म्हणून वेर्कटागचं भाषांतर ‘कामाचा दिवस’ नको. सरळ लिहा: ‘सोमवार ते शनिवार, सार्वजनिक सुट्टी सोडून’. लांब होतं, पण थांब्यावर उभ्या माणसाला शब्द मोजायचे नसतात.

रेल्वेच्या जुन्या छापील तक्त्यांत वेर्कटागसाठी दोन आडवे हातोडे असायचे आणि रविवार-सुट्टीसाठी †. माझ्या एका मैत्रिणीने हातोडे म्हणजे ‘रस्त्याचं काम चालू’ असं समजून दुसरा मार्ग शोधला होता.

पाटीवाचक
हातोड्यांच्या जोडीला गोलातला ए असतो: वेर्कटाग, पण ‘झोनआबेंड’ सोडून. हा झोनआबेंड फसवा. झोन म्हणजे सूर्य, आबेंड म्हणजे संध्याकाळ, आणि झोनटाग म्हणजे रविवार. त्यामुळे ‘रविवार संध्याकाळ’ असं भाषांतर पाहिलंय मी. प्रत्यक्षात तो शनिवार. उत्तर आणि पूर्व जर्मनीतलं शनिवारचं नाव. दक्षिणेत झामस्टाग म्हणतात. तेव्हा गोलातला ए म्हणजे सोमवार ते शुक्रवार, सुट्टी सोडून. गोलातला बी म्हणजे शनिवार सोडून रोज, आणि यात रविवार चालतो. गोलातला सी म्हणजे शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टी. फोटो अंधुक असला की गोल दिसत नाही आणि ए हे अक्षर फलाटाचं नाव वाटतं.

सांगलीकर
रविवारचं संक्षिप्त रूप काय देतात?

पाटीवाचक
एस आणि ओ. मराठी माणूस ‘सो’ वाचतो आणि सोमवार समजतो!

नदीकाठ
आईने नेमकं तेच केलं होतं. मी मूळ फोटो तसाच तक्त्याशेजारी लावला होता ना, त्यावरून तिने सोमवारी फक्त दोन बस आहेत असं ठरवलं आणि दिवसभर घरी बसली. आता मराठी तक्त्यात मी सो, मं, बु, गु, शु, श, र केलंय.

मेघना_कु
‘शु’ आणि ‘श’ नको. एका उकाराचा फरक, प्रिंटरची शाई संपत आली की शुक्रवारचा शनिवार. ‘शुक्र’ आणि ‘शनि’ पूर्ण लिहा.

अर्धा_चहा
बरं, माझी वेर्कटागची चूक मान्य. पण मूळ प्रश्न राहिलाच. ‘सुटी’ एका दिवसाची आणि ‘सुट्टी’ लांबची, असं का धरू नये? फायरटाग सुटी, फेरिएन सुट्टी.

मेघना_कु
कारण तो फरक तुमच्याशिवाय कुणाच्याच डोक्यात नाही. वर्तमानपत्रं ‘सुटी’ छापतात, आपण ‘सुट्टी’ बोलतो, शब्द एकच. आणि रजा तर अजिबात नको. रजा माणूस मागून घेतो. शाळेला रजा नसते, सुट्टी असते. सणही नको. १ मे जर्मनीत फायरटाग आहे, तो सण नाही.

मी तर म्हणेन, नाम शोधूच नका. ‘सुट्टी’ एकटी सोडायची नाही, तिच्या आधी कुणाची ते आलंच पाहिजे. शेवटचा रकाना: ‘रविवार आणि सार्वजनिक सुट्टी’. एस: ‘शाळा भरते त्याच दिवशी’. एफ: ‘शाळेला सुट्टी असते तेव्हाच’. आणि रकान्याच्या डोक्यावर ‘सोमवार ते शुक्रवार, सार्वजनिक सुट्टी सोडून’. मूळ पाटीवर ते ‘सार्वजनिक सुट्टी सोडून’ छापलेलं नसतं, जर्मन वाचकाला गृहीत असतं. आपल्याकडच्या पाहुण्याला नसतं, म्हणून भाषांतरात घालावंच लागतं.

पाटीवाचक
यावर माझं एकच म्हणणं: घातलेला भाग मुळात नाही हे कळू द्या. वेगळ्या शाईत लिहा. उद्या दुसऱ्या थांब्यावर त्याच अक्षराचा अर्थ दुसरा असेल तर कुणी तुमच्या तक्त्यावर विसंबू नये. एफचा अर्थ कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, तो त्या पाटीच्या टिपेपुरता असतो. फोटो काढताना खालची टीप आणि ‘अमुक तारखेपासून लागू’ ही ओळ चौकटीत आली पाहिजे. डिसेंबरच्या मध्यावर वेळापत्रक बदलतं. हे १५ डिसेंबर २०२४पासूनचं होतं, आता ते शिळं झालं. आणि २४ व ३१ डिसेंबर सार्वजनिक सुट्ट्या नाहीत, पण बरेचदा ‘शनिवारप्रमाणे’ अशी टीप असते.

इसारकाठ
बायर्न राज्यात राहतो. एक अडलेलं विचारतो. नोव्हेंबरमध्ये बूस-उंड-बेटटाग, म्हणजे प्रोटेस्टंटांचा प्रायश्चित्त-प्रार्थनेचा दिवस, येतो, बुधवारी. गेल्या वर्षी तो १९ नोव्हेंबरला होता. आमच्याकडे ती सार्वजनिक सुट्टी नाही, मी कामावर जातो, पण शाळा बंद असते. त्या दिवशी एसवाली बस नाही, हे कळलं. एफवाली धावते का? टिपेत ‘फेरिएन’ लिहिलंय, आणि एका दिवसाला कुणी फेरिएन म्हणत नाही.

मेघना_कु
टिपेत ‘शूलफ्राय’ म्हणजे ‘शाळा नसलेला दिवस’ असतं तर प्रश्नच नव्हता.

इसारकाठ
नाही, फेरिएनच आहे. फोटो पुन्हा पाहिला.

पाटीवाचक
माझ्या मते धावावी, पण पैज लावणार नाही. बसवाल्यांना फोन करा.

नदीकाठ
आणि मराठीत ‘शाळेला सुट्टी असते तेव्हाच’ लिहिलं तर ती धावतेच असा अर्थ होतो की! म्हणजे आमचं भाषांतर मुळापेक्षा जास्त ठाम झालं.