पाच वर्षे उशिरा गुंतवणूक सुरू केली, तर नेमके किती नुकसान होते?

गोदाकाठ (धागाकर्ता)
माझे वय २५ आहे. हाती २५,००० रुपये येतात आणि महिन्याकाठी ५,००० रुपये शिल्लक राहतात. एका मित्राने तक्ता दाखवला, त्यानुसार गुंतवणूक तिशीत सुरू केली तर साठीला मिळणारी रक्कम जवळपास निम्मी होते. पाच वर्षांत मी जेमतेम ३ लाख रुपये भरणार. तेवढे न भरल्याने पुंजी निम्मी कशी होईल? हे खरे आहे की धाक दाखवण्यासाठी केलेली मांडणी आहे? हिशेब करून कोणी सांगेल का?

ताळेबंद
शेअर बाजाराचा परतावा गृहीत धरावा लागतो, म्हणून आधी पीपीएफचा हिशेब मांडतो. त्याचा व्याजदर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे आणि तो तसाच राहिला असे आपण समजू. दर वर्षी ५ एप्रिलच्या आत ६०,००० रुपये भरले, म्हणजे त्या रकमेवर पूर्ण वर्षाचे व्याज मिळते. २५ ते ६० अशी ३५ वर्षे भरणा केला, तर एकूण २१ लाख भरून ९०.७९ लाख रुपये होतात. तिशीत सुरुवात केली, तर १८ लाख भरून ६१.८० लाख होतात. भरणा ३ लाखांनी कमी झाला, पुंजी मात्र जवळपास २९ लाखांनी, म्हणजे सुमारे ३२ टक्क्यांनी घटली.

आता हे २९ लाख आले कुठून ते पाहा. पहिल्या पाच वर्षांत भरलेल्या ३ लाखांचे पाचव्या वर्षाअखेर ३.७० लाख होतात आणि पुढील ३० वर्षे त्यांना कोणीही हात न लावल्यास ते ७.८३ पट होतात. हाच हिशेब दुसऱ्या टोकाकडूनही करता येतो. उशिरा सुरुवात करणारा तिसाव्या वर्षाअखेर ६१.८० लाखांवर थांबतो, तर लवकर सुरुवात करणारा नेमक्या त्याच रकमेपासून आणखी पाच वर्षे पुढे चालतो. या पाच वर्षांत भरणा केवळ ३ लाखांचा असतो, व्याज मात्र २६ लाखांचे जमा होते. उशीर सुरुवातीला केला तरी कापली जातात ती शेवटची पाच वर्षे, आणि चक्रवाढीत सर्वांत भरघोस वर्षे तीच असतात. ही गोष्ट बहुतेक तक्त्यांत दिसत नाही, म्हणून ती सावकाश सांगितली.

चढता आलेख
पीपीएफचा हिशेब अगदी बरोबर आहे, पण पंचविशीतल्या माणसाने ७.१ टक्क्यांवर समाधान का मानावे? म्युच्युअल फंडात महिना ५,००० रुपयांची एसआयपी केली आणि १२ टक्के परतावा धरला, तर ३५ वर्षांत ३.२५ कोटी रुपये होतात आणि ३० वर्षांत १.७६ कोटी. म्हणजे पाच वर्षांचा उशीर सुमारे दीड कोटीला पडतो. तुमच्या मित्राचा तक्ता बरोबर आहे. बाकी सर्व बेत बाजूला ठेवून याच महिन्यात सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोरडवाहू
या आकड्यांना माझा ठाम आक्षेप आहे, कारण ते गणिताने बरोबर असूनही वाचणाऱ्याची दिशाभूल करतात. पस्तीस वर्षांनंतरचे २९ लाख म्हणजे आजचे २९ लाख नव्हेत. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर आज १ रुपयाला मिळणाऱ्या वस्तूला तेव्हा ७ रुपये ६९ पैसे लागतील. त्या मानाने २९ लाखांची आजची किंमत ३ लाख ७७ हजार रुपये भरते. भरलेल्या पाच हप्त्यांची किंमतही याच रीतीने काढली, तर ती २ लाख ६८ हजार होते. म्हणजे पीपीएफमध्ये पाच वर्षे उशीर झाल्याचे खरे नुकसान, हप्ते वजा जाता, आजच्या पैशात १ लाख ९ हजार रुपये आहे. रक्कम लहान नाही. परंतु पंचविशीत त्याच पैशांतून एखादा अभ्यासक्रम पूर्ण करून पगार वाढणार असेल, तर ती भरून निघण्यास फार काळ लागणार नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हे सर्व तक्ते माणूस पंचविसाव्या वर्षीही ५,००० भरतो आणि एकोणसाठाव्या वर्षीही ५,०००च भरतो असे समजून चालतात. वास्तवात असे कोण करतो? पगार वाढतो तशी बचतही वाढते आणि त्यामुळे सुरुवातीच्या लहान हप्त्यांचे एकूण पुंजीतील वजन आपोआप कमी होते.

पोस्टाची पेटी
मी आता निवृत्त आहे. पीपीएफ सुरक्षित आहे का, असे आपण विचारत आहात असे समजून लिहितो: निःशंकपणे पैसे ठेवा. मी १९८७ साली खाते उघडले, तेव्हा १२ टक्के व्याज मिळत असे आणि जानेवारी २००० पर्यंत तो दर टिकला. पुढे तो उतरत गेला आणि २००३ मध्ये ८ टक्क्यांवर आला. माझ्या खात्याची पंधरा वर्षांची मुदत संपली, तेव्हा ते भरणा चालू ठेवून पुढे वाढवायचे असल्यास वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो, हे मला शाखेत कोणी सांगितले नाही. शिलकीवर व्याज मिळत राहिले, पण नवीन भरणा करता आला नाही. ज्या वर्षांत माझा पगार सर्वांत जास्त होता, त्याच वर्षांत माझे खाते बंद दारासारखे झाले. याची खंत अजूनही आहे.

ताळेबंद
काकांचा अनुभव या चर्चेशी थेट जोडलेला आहे. मी ज्या शेवटच्या पाच वर्षांविषयी लिहिले, ती पीपीएफमध्ये आपोआप मिळत नाहीत. पंधरा वर्षांनंतर ३५ वर्षांपर्यंत पोहोचण्यासाठी खाते प्रत्येकी पाच वर्षांनी चार वेळा वाढवावे लागते आणि प्रत्येक वेळी मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत भरणा चालू ठेवण्याचा अर्ज द्यावा लागतो. एक अर्ज राहिला तरी लवकर सुरुवातीचा बराचसा लाभ निसटतो. व्याजदरही सरकार दर तिमाहीला ठरवते, त्यामुळे माझा ७.१ टक्क्यांचा आकडा केवळ उदाहरणापुरता धरावा.

चढता आलेख यांच्या आकड्यांत एक दुरुस्ती करणे आवश्यक आहे. १२ टक्क्यांना बाराने भागून दरमहा १ टक्का धरला, की त्याचा वार्षिक परतावा १२ राहत नाही, १२.६८ टक्के होतो. अनेक कॅल्क्युलेटर अशाच रीतीने मोजतात. वर्षाला नेमके १२ टक्के पडतील असा मासिक दर घेतला, तर ३५ वर्षांत २.७६ कोटी आणि ३० वर्षांत १.५४ कोटी होतात. फरक १.२२ कोटींचा, म्हणजे ४४ टक्क्यांचा. १० टक्के धरल्यास हाच फरक ६७ लाखांवर, म्हणजे ३९ टक्क्यांवर येतो. दर जितका जास्त गृहीत धरावा तितका उशीर महाग दिसतो, आणि दर गृहीत धरणारा बहुधा फंड विकणाराच असतो.

कोरडवाहू यांचा पगारवाढीचा मुद्दा मी आकड्यांत बसवून पाहिला. पगार वर्षाला ८ टक्क्यांनी वाढतो आणि दोघेही आयुष्यभर पगाराचा पाचवा हिस्सा गुंतवतात असे समजू. पहिला पंचविशीत वर्षाला ६०,००० रुपयांनी सुरुवात करतो. दुसरा तिशीत, तोवर वाढलेल्या पगारामुळे, ८८,१६० रुपयांनी. १२ टक्के परताव्याने पहिल्याचे ६.३९ कोटी होतात आणि दुसऱ्याचे ४.९१ कोटी. नुकसान ४४ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आले. म्हणून निम्मी रक्कम जाते हे विधान मला मान्य नाही. मात्र जवळपास चौथा हिस्सा जातो, आणि तो किरकोळ म्हणता येणार नाही.

चढता आलेख
मासिक दराची दुरुस्ती मान्य आहे. तरीही त्या दुसऱ्या माणसाविषयी शंका राहते. पाच वर्षे एक रुपयाही बाजूला न ठेवलेला माणूस तिसाव्या वर्षी एकदम पगाराचा पाचवा हिस्सा काढून ठेवेल का? तोवर घरभाडे, दुचाकीचा हप्ता आणि लग्न या सर्वांनी त्या पैशांवर हक्क सांगितलेला असतो.

कोरडवाहू
ही शंका स्वभावाविषयी आहे, गणिताविषयी नाही. आणि बाजाराचा विषय निघालाच आहे तर हेही लिहिले पाहिजे की जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या आसपास होता आणि २०१३ च्या अखेरीसही तो साधारण तेथेच होता. जानेवारी २००८ मध्ये एकरकमी पैसे घातलेल्याच्या पदरात जवळपास सहा वर्षांत लाभांशाखेरीज काहीही पडले नाही. प्रत्येक पाच वर्षे सारखी वजनदार नसतात, हे सरळ रेषेतले तक्ते सांगत नाहीत.

गोदाकाठ (धागाकर्ता)
सर्वांचे आभार. एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्यावर ३ लाखांचे शैक्षणिक कर्ज आहे, १०.५ टक्क्यांनी, सात वर्षांचे. त्याचा साधारण ५,०५८ रुपयांचा हप्ता जाऊनच माझ्याकडे ५,००० उरतात. कर्ज आधी फेडले, तर तोही उशीरच समजायचा का?

ताळेबंद
नाही. कर्जाचे मुद्दल फेडणे म्हणजे त्या रकमेवर १०.५ टक्क्यांचा खात्रीचा परतावा मिळवणे होय, आणि पीपीएफ ७.१ टक्के देते. शिलकीचे ५,००० दरमहा कर्जातच भरले, तर सात वर्षांचे कर्ज सुमारे ३५ महिन्यांत फिटते आणि व्याज सव्वा लाखाऐवजी ४९ हजारांच्या आसपास जाते. त्यानंतर, उरलेली चार वर्षे, तुमच्या हातात दरमहा ५,००० नव्हे तर १०,००० रुपये असतील. पीपीएफशी तुलना केल्यास कर्ज आधी फेडणे निःसंशय फायद्याचे आहे. शेअर बाजाराच्या १२ टक्क्यांशी तुलना केल्यास फरक फार थोडा उरतो, आणि ते १२ टक्के कोणी लिहून देत नाही.

एक अट मात्र आहे. छत्तिसाव्या महिन्यात ते १०,००० रुपये कोणत्या खात्यात जातील, हे आजच ठरवावे लागेल, कारण कर्ज फिटल्यावर पैसे खर्चात विरले तर वर केलेला एकही हिशेब लागू होणार नाही.

चढता आलेख
मी तरी सर्व शिल्लक कर्जात घालणार नाही. हजार रुपयांची का होईना, एसआयपी सुरू ठेवावी, म्हणजे सवय तुटत नाही.

कोरडवाहू
हजार रुपयांच्या सवयीसाठी १०.५ टक्के व्याज भरत राहणे मला पटत नाही. त्याआधी तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बँकेत बाजूला आहे का, हे धागाकर्त्यांनी सांगावे. ती नसेल, तर पहिले काही महिने कर्जातील जादा भरणा आणि एसआयपी दोन्ही थांबू शकतात.