नाक वर उठतं, चाकं का नाही?

«सिग्नल सुटल्यावर अकोट्याच्या पुलाकडे जोरात गाडी काढली की पुढचा भाग वर उठतो. मग पुढची चाकं कधी सुटतील?»

भाऊ, नाक उठतं ते मागच्या स्प्रिंगा दबतात आणि पुढच्या सैल होतात म्हणून. चाकं मात्र रस्त्यावरच असतात.

गाडीला पुढे ढकलणारं बल टायरखाली, जमिनीवर लागतं आणि गुरुत्वमध्य वर असतो. त्यामुळे गाडी मागे कलू पाहते आणि पुढचा भार मागे सरकतो. किती, तर m·a·h/L. गाडीचं वस्तुमान m = 1000 किलो, गुरुत्वमध्याची उंची h = 0.5 मीटर, दोन आसांमधलं अंतर L = 2.5 मीटर आणि त्वरण a = 3 मी/से² धरा, म्हणजे साधारण सव्वानऊ सेकंदांत शंभरचा वेग. सरकणारं बल 600 न्यूटन, सुमारे 60 किलोचा भार. पुढे 500 किलो होते, ते 440 झाले, इतकंच.

चाकं सुटायला पुढचा भार शून्य व्हायला हवा: a = g·b/h. इथे g हे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण आणि b हे मागच्या आसापासून गुरुत्वमध्याचं आडवं अंतर. आपल्या गाडीत b = 1.25, म्हणून a = 2.5g. पण टायर घर्षणाने जास्तीत जास्त μg इतकं त्वरण देतो; μ म्हणजे घर्षणांक, आणि कोरड्या डांबरावर साध्या टायरचा μ एकच्या आसपास असतो. इंजिन कितीही दमदार असो, आधी मागची चाकं घसरतील.

मोटरसायकलीत b आणि h जवळपास सारखे, म्हणून तिचं पुढचं चाक सहज उठतं. आणि तुमची गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असेल तर प्रश्नच मिटतो, कारण भार सुटताच ओढही सुटते.