मदत हवी आहे: कथेतल्या मुलाला विसरलेली आत्याआजी सापडते कशी?

रानजाई:
कथा लिहितेय. चौथीतला मुलगा परिसर अभ्यासच्या प्रोजेक्टसाठी वंशावळ काढतोय, आजोबा सांगतात आम्ही दोघंच भाऊ, आणि मग त्याला कळतं की एक बहीणपण होती जिचं नाव घरात कोणी काढत नाही. गाव वाईजवळचं, पणजोबा 1961 ला वारलेत असं धरलंय. जुना फोटो किंवा ट्रंकेतलं पत्र नकोय, फार वेळा वाचलंय. दुसरं काय सापडू शकेल?

माणदेशी:
फेरफार. पणजोबा गेल्यावर तलाठ्याकडे वारस नोंद होते, त्यात बायको, मुलं, मुली सगळ्यांची नावं, नातं आणि वय लिहिलेलं असतं. बाबांनी सोसायटीच्या कर्जासाठी जुने उतारे काढलेत, फाइल टेबलावर पडलीय, एवढं पुरे. 1961 चा फेरफार देवनागरीत असणार त्यामुळे पोराला अक्षर लावून वाचता येईल, अजून जुना घेतलात तर मोडी निघायची.

तात्या_सातारकर:
मुलींना हक्क 2005 ला मिळाला हो, 61 च्या नोंदीत मुलीचं नाव येणारच नाही.

माणदेशी:
तात्या, 2005 ला मुलगी जन्मानेच वडिलोपार्जितात मुलाइतकी हिस्सेदार झाली. पण बाप मेल्यावर त्याच्या वाट्यात मुलगी वारस हे 1956 च्या कायद्यापासूनच आहे. तरी काही गावांत फक्त मुलांचीच नावं लावायचे, तेवढं तुमचं बरोबर.

शुभदा_क:
मोडी वाचणारं कोणी आहे का इथे? कुणबी नोंदीसाठी खापरपणजोबांचा कागद मिळालाय, एक ओळ लागत नाहीये.

माणदेशी:
शुभदाताई वेगळा धागा काढा, बघतो.
रानजाई, आता खरी गोष्ट ऐका. बहिणीने हक्कसोड दिली की सातबारावर तिच्या नावाला कंस होतो आणि शेजारी नवा फेरफार नंबर येतो. तुमच्या आत्याआजीच्या नावाला कंसच नसू दे. म्हणजे तिने सही दिली नाही, आणि म्हणूनच तिचं माहेर तुटलं, रक्षाबंधन बंद, लग्नकार्यात बोलावणं नाही. आमच्याकडे अशा बायका घरटी सापडतील हो. फक्त फेरफारावर तिचा अंगठा दाखवू नका, अंगठा हक्कसोडीच्या कागदावर असतो, आणि तो कागद तर तिने केलेलाच नाही.

रानजाई:
अंगावर काटा आला. मी तिला पळून गेलेली करणार होते, ते आता काढून टाकते. म्हणजे आजोबांना ती रोज आठवत असणार, कारण कर्ज काढा नाहीतर जमीन विका, तिची सही लागणारच! पण दहा वर्षांच्या मुलाला कंस कसा कळेल?

तात्या_सातारकर:
कळायला कशाला हवा. आजोबा, ही सुंदरा कोण, एवढंच विचारू दे.

रानजाई:
आणि आजोबा काय म्हणतील? तिथेच अडकलेय, ती हयात ठेवू की नको तेही ठरत नाहीये.

माणदेशी:
हयात ठेवा. ती गेली असेल तर सातबारावर तिच्या पोरांची नावं लागतात आणि मग गोष्ट भाच्यांच्या वाटणीची होते.