मोठे उतारे तोडून द्यावेत की नाही?

नववीची मराठी शिक्षिका, खानापूर तालुका: माझी मुलं उतारा खणखणीत वाचतात, पण खालचा प्रश्न विचारला की गप्प. मी लांब वाक्यं तोडून लिहून दिली तर उत्तरं येतात. आमचे मुख्याध्यापक म्हणतात, असं भरवलंत तर मुलं पांगळी होतील. तुमचं काय मत? नमुन्याला त्या दिवशीचं वाक्य देते:

"खानापूर तालुक्यातील कणकुंबीच्या डोंगरात उगम पावणारी आणि पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे धरणाने अडवलेली मलप्रभा नदी, जिचे पाणी वरच्या भागात पाऊस अधिक असूनही मुख्यत्वे खालच्या कोरड्या भागातील शेतीला मिळते, कुडलसंगम येथे कृष्णेला मिळते."

"कृष्णेला काय मिळते?" असं विचारलं, तर निम्म्या वर्गाने लिहिलं, "शेतीचे पाणी".

निवृत्त मास्तर, निपाणी: मुख्याध्यापकांचं बरोबर आहे. आम्ही याहून लांब वाक्यं वाचली, पाठ केली. वाक्य तोडायची सवय लावलीत की पोरांना उद्या साधा अग्रलेख पेलायचा नाही. वाचन वाढवा, दुसरं काही नको.

क्लासवाला, बेळगाव: यामागे शास्त्र आहे सर. माणसाच्या डोक्यात एका वेळी सात गोष्टी राहतात. म्हणून मी प्रत्येक धड्याचे बरोबर सात मुद्दे काढून देतो. सातच्या वर गेलं की सांडतं.

शेतकरी, बैलहोंगलकडचा: उतारा म्हटल्यावर मला वाटलं पहाणीच्या उताऱ्याचं काहीतरी असेल, म्हणून आलो. पण आलोच आहे तर सांगतो. मला कन्नड बोलायला येतं, घडाघडा. वाचायला मात्र अक्षर अक्षर लावावं लागतं. मागे एका कचेरीतून नोटीस आली, एकच वाक्य, अर्ध्या पानाचं. शेवटाला पोचेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते गेलं. तीनदा वाचलं. मग पोरीने मोठ्याने वाचून दाखवलं आणि एका दमात कळलं, की कागद घेऊन महिन्याच्या आत यायचं आहे. तर मी मंद की नोटीस?

बी.एड.ला भाषाशिक्षण शिकवते, बेळगाव: दोन्ही नाही. तुम्हाला नकळत फार चांगली परीक्षा सापडली आहे. ऐकून कळतं आणि वाचून कळत नाही, तर अडचण अक्षरं लावण्यात आहे. अक्षर जुळवण्यातच डोक्यातली जागा जाते, मग वाक्य धरून ठेवायला ती उरत नाही. बाईंनी वर्गात हेच करून बघावं. तेच वाक्य तुम्ही वाचून दाखवा. तरीही उत्तर "शेतीचे पाणी" आलं, तर अक्षरओळख ठीक आहे, ओझं वाक्याच्या रचनेचं आहे.

क्लासवाल्या सरांचं अर्धं खरं आहे. सात हा आकडा १९५६ साली मानसशास्त्रज्ञ मिलर यांच्या लेखामुळे गाजला, पण तिथे आकडे नि शब्दांच्या याद्यांसारख्या गोष्टी होत्या, धड्याचे मुद्दे नव्हते. २००१ मध्ये कॉवन यांनी हिशेब मांडला की घोकणं आणि जुळवणं बाजूला ठेवलं तर सुमारे चारच गठ्ठे धरता येतात. आणि खरी मेख गठ्ठा केवढा यात आहे. "म, ल, प्र, भा" ही नव्या वाचकाला चार ओझी, खानापूरच्या मुलाला एकच नाव.

आता वाक्य बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि विशेषणाचा लांब डबा नामाच्या आधी जोडला जातो. उगम पावणारी कोण? अडवलेली कोण? "नदी" हा शब्द येईपर्यंत दोन्ही प्रश्न हातात धरून ठेवायचे. नदी हाती लागली, तोवर "जिचे" सुरू. आत "असूनही"चा आणखी एक वळसा. तिथे "मिळते" आलं की मुलाला वाटतं वाक्य संपलं, आणि तो हातातलं सगळं खाली ठेवतो. मग दुसरं "मिळते" येतं तेव्हा कर्ता कोण हे आठवत नाही, जवळचं "पाणी" आणि "शेती" सापडतं. तुमच्या निम्म्या वर्गाचं उत्तर तिथून आलं आहे.

निवृत्त मास्तर, निपाणी: मान्य, वाक्य वाईट आहे. म्हणजे लिहिणाऱ्याचे कान धरा! पण तोडल्यावर काय होतं ते मी गाइडांत बघितलंय. "पाऊस वर पडतो. पाणी खाली जाते. खालचा भाग कोरडा आहे." यातलं "असूनही" कुठे गेलं? तीन सुटे दगड. भिंत कोणी बांधायची?

भाषाशिक्षणवाल्या बाई: हा मुद्दा शंभर टक्के तुमचा, गुरुजी. जोडणारे शब्द काढले तर संबंध मुलालाच शोधावा लागतो, म्हणजे ओझं वाढलंच. वाक्य आखूड करणं वेगळं, गठ्ठा बांधणं वेगळं. मी असं लिहीन:

"मलप्रभा नदी कणकुंबीच्या डोंगरात उगम पावते. पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे तिच्यावर धरण आहे.

पाऊस वरच्या भागात अधिक पडतो. तरीही धरणाचे पाणी मुख्यत्वे खालच्या कोरड्या भागातील शेतीला मिळते.

शेवटी कुडलसंगम येथे मलप्रभा कृष्णेला मिळते."

नदी पहिल्यांदा आली, त्यामुळे पुढचं सगळं टांगायला खुंटी मिळाली. "तरीही" जागेवर आहे. शेवटी "मलप्रभा" पुन्हा लिहिलं, "ती" नाही. प्रत्येक परिच्छेदानंतर मूल क्षणभर थांबून आतला अर्थ बांधून घेतं. तसंही वाक्य संपलं की नेमके शब्द पुसतात आणि अर्थ उरतो, हे सॅक्स यांनी १९६७ मध्येच दाखवलं होतं. पुसण्याआधी अर्थ बांधला गेला पाहिजे, एवढंच.

क्लासवाला: मग सातऐवजी चार मुद्दे काढतो.

भाषाशिक्षणवाल्या बाई: सर, आकड्याला धरून बसू नका. निपाणीकडच्या वेदगंगेकाठच्या मुलाला तो नकाशा ओळखीचा नाही, त्याला कदाचित दोनच पेलतील.

निवृत्त मास्तर: आणि ज्याला ठाऊक आहे त्याला? माझी हुशार पोरं असलं सोपं केलेलं वाचून जांभया द्यायची.

भाषाशिक्षणवाल्या बाई: तिथे तुमच्या बाजूने पुरावा आहे. १९९६ मध्ये मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी हृदयविकारावरचा मजकूर मुलांना दिला. विषयाची माहिती कमी असलेल्यांना नीट जोडलेला मजकूर उपयोगी पडला. माहिती असलेल्यांना मात्र खोलवरच्या प्रश्नांत दुवे सुटलेला मजकूर जास्त उपयोगी पडला, कारण ते दुवे त्यांनी स्वतः जोडले. म्हणून सरसकट तोडू नका. पण एकाच वर्गात दोन्ही मुलं बसलेली असतात, त्याचं काय करायचं, हे मलाही जमलेलं नाही.

शिक्षिका, खानापूर: परवा वाचून दाखवलं. तरीही बऱ्याच जणांचं उत्तर "शेतीचे पाणी"च आलं, म्हणजे अडचण रचनेची. मग मी तोडून दिलं नाही. मूळ वाक्यच दिलं आणि पेन्सिल दिली: आधी शेवटचं क्रियापद शोधा, मग "कोण?" विचारून नावाला गोल करा, मधल्या तुकड्याला कंस घाला, समासात दोन शब्द लिहा. पहिल्या वाक्याला अख्खा तास गेला. काहींनी सगळ्याच वाक्याला कंस घातला. दुसऱ्या दिवशीच्या उताऱ्यात मात्र सात-आठ जणांनी न सांगता पेन्सिल काढली. एकाने मलप्रभेच्या समासात लिहिलं होतं: "पाऊस आमचा, पाणी त्यांचं".

निवृत्त मास्तर: त्या पोराला उतारा कळलाय. पण पेन्सिल कधी काढून घेणार, ते सांगा. परीक्षेत तासभर एका वाक्याला देऊन चालायचं नाही.

शेतकरी: बाई, ती पेन्सिल नोटिशीवर चालते का?